गरोदरपणातील कॉफीसेवन

गरोदरपणात कॉफी पूर्णपणे सोडावी लागत नाही. दिवसभरात सर्व पदार्थांतून मिळून २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी कॅफिन पोटात गेले, तर त्याला डॉक्टर साधारणपणे ‘माफक’ सेवन म्हणतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्स’ या संघटनेने २०१० मध्ये हीच मर्यादा सांगितली. ब्रिटनने २००८ मध्ये आपली मर्यादा ३०० वरून २०० वर आणली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेणाऱ्या गर्भवतींना ते कमी करण्याचा सल्ला दिला. दोन्ही आकड्यांपैकी २०० चा आकडा धरून चालणे अधिक सुरक्षित आहे.

मर्यादा घालावी लागते, कारण गरोदरपणात कॅफिन शरीरात जास्त वेळ राहते. ते वारेतून सहज पार होऊन गर्भापर्यंत पोहोचते, आणि त्याचे विघटन करणारी यंत्रणा गर्भाच्या यकृतात अजून तयार झालेली नसते. एरवी रक्तातील निम्मे कॅफिन निघून जायला साधारण पाच तास लागतात. शेवटच्या तिमाहीत आईच्या यकृताचे हे काम इतके मंदावते की त्याच कामाला पंधरा तासांच्या आसपास लागू शकतात. म्हणजे संध्याकाळी घेतलेल्या कॉफीचा बराचसा अंश दुसऱ्या दिवशी सकाळच्या कपात मिसळतो.

कॅफिनमुळे गर्भपात होतो का, हे ठामपणे सांगणे अवघड आहे. गर्भ व्यवस्थित वाढत असेल तेव्हा पहिल्या तिमाहीत मळमळ अधिक होते आणि अनेकींना कॉफीचा वासही नकोसा होतो. ज्या गर्भाची वाढ आधीच थांबली आहे, तिथे मळमळ कमी असते आणि कॉफी चालूच राहते. त्यामुळे नुसती आकडेवारी पाहिली तर गर्भपाताचा दोष कॉफीवर येतो. प्रत्यक्षात कारण वेगळे असू शकते. कॉफी जास्त पिणाऱ्यांमध्ये धूम्रपानाचे प्रमाणही अधिक आढळते, त्यानेही निष्कर्ष गढूळ होतात. डेन्मार्कमध्ये भरपूर कॉफी पिणाऱ्या गर्भवतींच्या एका गटाला नेहमीची आणि दुसऱ्या गटाला कॅफिन काढलेली कॉफी देऊन तुलना करण्यात आली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत बाळांच्या वजनात उल्लेखनीय फरक दिसला नाही. मात्र हा बदल गरोदरपणाच्या मध्यावर सुरू केला होता, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल त्यातून काही ठरत नाही. दुसरीकडे, जास्त कॅफिन आणि बाळाचे कमी वजन यांचा संबंध अनेक निरीक्षणांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. काही संशोधकांच्या मते तर पूर्ण सुरक्षित असे प्रमाणच नाही. त्यामुळे २०० ही सावधगिरीने आखलेली मर्यादा आहे. तेवढे कॅफिन रोज घ्यायलाच हवे, असा तिचा अर्थ नाही.

हिशेब करताना आपल्याकडे चूक होते ती चहा न मोजल्याने. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार १५० मिलिलिटर कपात पावडर उकळून वा गाळून केलेल्या कॉफीतून ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीतून ५० ते ६५ आणि चहातून ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन मिळते. समजा, एक नोकरदार गर्भवती सकाळी दोन कप चहा घेते. प्रत्येकी ४० धरले तर ८० झाले. ऑफिसात अकरा वाजता इन्स्टंट कॉफीचे ६०. संध्याकाळी कॅफेतील मोठ्या कॅपुचिनोत एस्प्रेसोचे दोन शॉट असतील तर आणखी सव्वाशेच्या आसपास. बेरीज २६५ होते, आणि तिला मात्र आपण ‘दोनच कॉफी’ घेतल्या असे वाटते. कॅपुचिनो सोडली की बेरीज १४० वर येते. कोला, चॉकलेट आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असते. चिकोरी घातलेल्या पावडरीत कॉफीच कमी असल्याने कॅफिनही कमी असते.

भारतात आणखी एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत निम्म्याहून अधिक गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. चहा-कॉफीतील टॅनिनसारखे घटक अन्नातले लोह शरीरात शोषू देत नाहीत. म्हणून जेवणाच्या आणि लोहाच्या गोळीच्या आधी व नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी. कॅफिन काढलेल्या कॉफीलाही हा नियम लागू आहे.

निद्रानाश, छातीत धडधड किंवा आम्लपित्त वाढले असेल, तर २०० च्या आतले प्रमाणही जास्त ठरू शकते. अशा वेळी आणि रक्तदाब वाढलेला असल्यास किती कॉफी घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. कॉफी एकदम बंद केल्यास दोन-तीन दिवस डोके दुखते, म्हणून रोजचा कप हळूहळू लहान करत जावे. मात्र विसाव्या आठवड्यानंतर तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, चेहऱ्यावर अचानक सूज किंवा वरच्या पोटात दुखणे सुरू झाले, तर ते कॉफी सोडल्यामुळे आहे असे समजून थांबू नये. ही रक्तदाब धोकादायक वाढल्याची लक्षणे असू शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.