लघवीची जळजळ तीच, पण संसर्ग मूत्राशयात की प्रोस्टेटमध्ये?

प्रियोळकडे कुळागर असलेल्या 58 वर्षांच्या एका गृहस्थांचे उदाहरण घेऊ. लघवी करताना जळजळ होऊ लागली, वारंवार जावे लागू लागले, पण ताप नव्हता. सहा महिन्यांपूर्वी पत्नीला हाच त्रास झाला होता आणि तिला लिहून दिलेली नायट्रोफ्युरँटॉइनची चिठ्ठी घरात होतीच. फार्मसीतून त्याच गोळ्या आणून त्यांनी पाच दिवस घेतल्या. जळजळ थांबली. तीन आठवड्यांनी मात्र हुडहुडी भरून 102 डिग्री ताप आला, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात खोल दुखू लागले आणि लघवीची धार थेंबाथेंबांवर आली.

पत्नीला लागू पडलेले औषध पतीला का पुरले नाही? स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटरांचा असतो. जंतू सहज वर चढतात आणि सहसा मूत्राशयाच्या अस्तरापाशीच राहतात. पुरुषाचा मूत्रमार्ग वीस सेंटीमीटरांच्या आसपास असून तो मूत्राशयातून निघताच प्रोस्टेट ग्रंथीच्या आतून जातो आणि ग्रंथीच्या बारीक नलिका तिथेच त्यात उघडतात. दूषित लघवी दाबाखाली या नलिकांत शिरली की संसर्ग लघवीत न राहता ग्रंथीच्या मांसात मुरतो.

नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रपिंडातून गाळले जाऊन लघवीत भरपूर साठते, म्हणून मूत्राशयाच्या संसर्गावर ते उत्तम आहे. पण रक्तात आणि ग्रंथीत त्याचे प्रमाण नगण्य राहते. या गृहस्थांची लघवी त्याने स्वच्छ केली, प्रोस्टेटमधले जंतू मात्र तसेच राहिले, हा निष्कर्ष मागाहूनच काढता आला, कारण दोन्ही संसर्गांतली जळजळ सारखीच असते आणि लघवीतला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, म्हणजे कल्चर, पहिल्या वेळी झालेलेच नव्हते. पुरुषाच्या लघवीचे कल्चर पहिल्या गोळीआधी करावे असा जो आग्रह धरला जातो, त्यामागे हे कारण आहे. तोच जंतू पुन्हा सापडला, तर तो कुठेतरी दडून होता असा संशय घ्यायला आधार मिळतो.

दोन आजारांत फरक कसा करायचा? नुसती जळजळ, वारंवारता आणि ओटीपोटात जडपणा असेल, ताप नसेल, तर मूत्राशयाचा संसर्ग अधिक शक्य असतो आणि योग्य औषध सात दिवस पुरते. थंडी वाजून ताप, मधल्या भागातले दुखणे आणि लघवी अडणे ही प्रोस्टेटची लक्षणे होत. गुदद्वारातून हलक्या बोटाने तपासल्यास ग्रंथी सुजलेली, गरम आणि हुळहुळी लागते. ती चोळायची मात्र नाही, कारण त्यामुळे जंतू रक्तात जाण्याचा धोका असतो. या तपासणीला आपल्याकडे पुरुष लाजतात आणि कधीकधी डॉक्टरही ती टाळतात, हे माझ्या मते निदान चुकण्याचे मोठे कारण आहे.

आपल्या रुग्णाच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू निघाला, त्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन निकामी होते, को-ट्रायमॉक्साझोल चालणार होते. पहिले काही दिवस शिरेतून सेफ्ट्रायॅक्सोन दिले, कारण सुजलेल्या ग्रंथीत बहुतेक औषधे शिरतात. सूज उतरली की ही वाट पुन्हा आवळते, म्हणून पुढे ग्रंथीत पोहोचणारे को-ट्रायमॉक्साझोल देऊन, मूत्रपिंड व पोटॅशियम तपासत, एकूण चार आठवडे उपचार झाला. तिसऱ्या दिवशीच ताप गेला होता. नेमका याच टप्प्यावर रुग्ण गोळ्या सोडतो आणि दुखणे जुनाट होते. उलट ताप दोन-तीन दिवसांत उतरलाच नाही, तर ग्रंथीत गळू झाले आहे का हे पाहावे लागते.

पण मुळात संसर्ग झाला कशामुळे, हा प्रश्न उरतो. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलेली होती आणि लघवी केल्यावरही मूत्राशयात 180 मिलिलिटर उरत होती. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. तीव्र संसर्गात सूजच धार अडवते, म्हणून हा आकडा लगेच अंतिम मानायचा नाही. हे मोजमाप सहा आठवड्यांनी पुन्हा केले, तेव्हाही 140 उरलेच. धारेचा वेग मोजणाऱ्या युरोफ्लोमेट्रीत धार कमाल नऊ मिलिलिटर प्रति सेकंद होती. ती अडथळ्याकडे बोट दाखवते, जरी दुर्बळ मूत्राशयातही असेच दिसू शकते. मूत्रमार्ग अरुंद झालेला नाही ना, मूत्राशयात खडा नाही ना, हे दुर्बिणीने पाहिले. दोन्ही नव्हते. पीएसए या प्रोस्टेटमधल्या प्रथिनाची रक्ततपासणीही याच भेटीसाठी राखून ठेवली होती, कारण संसर्गात हा आकडा फुगतो आणि कर्करोगाची निष्कारण भीती बसते. तो मर्यादेत आला. मग वाढलेल्या प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन हे लघवीची वाट सैल करणारे औषध सुरू झाले. तीन महिन्यांनी उरणारी लघवी 50 मिलिलिटरवर आली होती.