पीआय घसरला म्हणजे मोटर म्हातारी झाली का?

पंपावरची ६.६ केव्हीची मोटर. बसवली तेव्हा तिच्या इन्सुलेशनची तब्येत सांगणारा पोलरायझेशन इंडेक्स, म्हणजे आपण ज्याला नुसतं पीआय म्हणतो तो, ४.२ होता. सात वर्षांनी २.५ झाला, बारा वर्षांनी १.६. रजिस्टर माझ्यापुढे सरकवत आमचे टेक्निशियन म्हणाले, "साहेब, म्हातारी झाली हो ही. रिवाइंडिंगलाच टाकू या."

आयईईई ४३ या मानकानुसार बी, एफ किंवा एच क्लासच्या इन्सुलेशनचा पीआय किमान २ हवा. त्यामुळे काळजी रास्त होती. निदान मात्र चुकलं होतं, आणि ते चुकलंय हे त्याच रजिस्टरातल्या आकड्यांत लिहिलेलं होतं.

पीआय काढतात कसा? वाइंडिंग आणि मोटरची बॉडी यांच्यामध्ये मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने, डीसी व्होल्टेज लावायचं, आमच्याकडे २५०० व्होल्ट. एका मिनिटाला दिसणारा इन्सुलेशनचा रोध लिहायचा, दहाव्या मिनिटाला पुन्हा लिहायचा आणि दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. रोध वेळेबरोबर वाढत जातो, कारण मेगरमधून निघणारा करंट हळूहळू कमी होतो. या करंटचे दोन भाग इथे महत्त्वाचे. पहिला शोषणाचा. अभ्रक आणि रेझिन यांच्यातले रेणू आणि अडकलेले विद्युतभार व्होल्टेजच्या दिशेने सावकाश वळतात, त्यासाठी लागणारा करंट सुरुवातीला जास्त असतो आणि मिनिटागणिक ओसरतो. दुसरा गळतीचा. कॉइलच्या टोकांवरची ओल, तेलकट धूळ, कोळशाची पूड यांच्यातून तो सरळ बॉडीकडे जातो आणि पहिल्या मिनिटाला जेवढा, दहाव्यालाही साधारण तेवढाच असतो. (व्होल्टेज लावताक्षणी वाइंडिंग कपॅसिटरसारखं चार्ज होतं तो करंट काही सेकंदांतच संपतो, त्यामुळे तो सोडून देऊ.)

गंमत इथे आहे. भागाकार केला की दोन्ही करंट एकमेकांत मिसळून जातात. म्हणून मी रोधाऐवजी करंट काढतो: व्होल्टेज भागिले रोध, बस. नव्या मोटरचा रोध एका मिनिटाला ११९० आणि दहा मिनिटांना ५००० मेगाओहम होता. २५०० व्होल्टला याचे करंट झाले २.१ आणि ०.५ मायक्रोअँपिअर. सातव्या वर्षीच्या ९२५ आणि २२७० मेगाओहमचे झाले २.७ आणि १.१. बाराव्या वर्षीच्या ५८० आणि ९२५ मेगाओहमचे ४.३ आणि २.७.

आता प्रत्येक वर्षीच्या दोन करंटची वजाबाकी करा. २.१ उणे ०.५ म्हणजे १.६. २.७ उणे १.१ म्हणजे १.६. ४.३ उणे २.७ म्हणजे पुन्हा १.६! पहिल्या आणि दहाव्या मिनिटाच्या मधे जो करंट ओसरला तो बारा वर्षांत बदललाच नाही. शोषण जसंच्या तसं, दोन्ही वाचनांत फक्त गळतीची सारखीच भर पडत गेली, आधी ०.६ आणि मग २.२ मायक्रोअँपिअर. इन्सुलेशनच्या पोटात काही घडलं नव्हतं, अंगावर साचलं होतं.

वजाबाकी इतकी जुळणं हे नशीब म्हणायचं. तिन्ही वेळा वाइंडिंगचं तापमान जवळपास सारखं होतं म्हणून ती जुळली. जुन्या इन्सुलेशनसाठी ढोबळ हिशोब असा की दर १० अंशांना रोध निम्मा होतो, त्यामुळे वेगवेगळ्या तापमानांची वाचनं दुरुस्ती केल्याशिवाय एकमेकांतून वजा करू नयेत. आणखी एक फसवणूक म्हणजे नुकतीच थांबलेली गरम मोटर. दहा मिनिटांत ती गार होते, रोध आपोआप चढतो आणि पीआय फुकटचा चांगला दिसतो.

मग म्हातारपण दिसतं कसं? या चाचणीत बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि हे फार कमी लोक लक्षात घेतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रेझिनची पकड सुटते, अभ्रकाचे थर एकमेकांपासून विलग होतात, मधे हवेच्या पोकळ्या होतात. पण कोरडी हवा या व्होल्टेजला उत्तम इन्सुलेटरच असते. मेगरला पोकळी कळत नाही, रोध आणि पीआय तसेच राहतात. शेलॅक किंवा डांबरी बंधकाच्या जुन्या वाइंडिंगमध्ये तर उलटंच होतं. इन्सुलेशन इतकं सुकून ठिसूळ होतं की पीआय ८ च्याही वर जातो. तिथे मोठा आकडा बघून खूश होणं म्हणजे आजाऱ्याचा ताप उतरला म्हणून हातपाय गार पडलेलेही न बघणं.

पोकळी बघायची तर इन्सुलेशनमध्ये वाया जाणारी ऊर्जा मोजणारी टॅन डेल्टा किंवा पोकळ्यांतल्या बारीक ठिणग्या पकडणारी पार्शल डिस्चार्जची चाचणी लागते. पीआयवर वयाचा परिणाम दिसतो तो आडवळणाने. उष्णतेने तडे गेले की त्यांत ओल शिरते, आणि घसरण त्या ओलीमुळे होते. म्हणून दमट हवेत थांबून राहिलेल्या मोटरचा पीआय एकदम पडला आणि स्पेस हीटर लावल्यावर वर आला, तर एवढ्यावरून तडे आहेत असं म्हणता येत नाही, कारण धड इन्सुलेशनच्या पृष्ठभागावरही दव धरतं. पण स्वच्छ करून, पूर्ण सुकवूनही काही दिवसांत तेच होऊ लागलं, तर संशय घ्यायला जागा आहे.

आमच्या मोटरकडे वळू. आधी केबल सोडवली, कारण गळती मोटरच्या बाहेरही असू शकते. टर्मिनल बॉक्समधले इन्सुलेटर सॉल्व्हंटने पुसले आणि पुन्हा मेगर लावला: १.६ चा पीआय १.७ झाला. म्हणजे थोडी घाण तिथे होती, बरीचशी आत. कव्हर काढल्यावर कॉइलच्या टोकांवर बेअरिंगच्या ग्रीसमध्ये मळलेली काळी धूळ हाताला लागली. कोरडी धूळ एकटी फारशी गळती करत नाही, तिला ओल किंवा तेल लागतं. त्यामुळे कोरड्या दिवशी घाणेरडी मोटरही चांगला पीआय देऊ शकते.

धुऊन झाल्यावर हीटर लावून सुकवली. सुकवताना रोध आधी खाली जातो, तेव्हा घाबरायचं नाही. वाइंडिंग तापतं म्हणून तो पडतो, मग काही तास तिथेच रेंगाळतो, आणि ओल निघू लागली की चढतो. तापमान हळूहळूच वाढवायचं, नाहीतर आत अडकलेलं पाणी वाफ होऊन इन्सुलेशन फोडतं. रोध स्थिरावल्यावर मोटर मूळ तापमानाला गार होऊ दिली आणि वाचनं घेतली: १०८५ आणि ३५७० मेगाओहम. पीआय ३.३. करंट २.३ आणि ०.७, वजाबाकी तीच १.६.

हा सगळा हिशोब मोठ्या, फॉर्म-वाउंड म्हणजे आधीच आकार देऊन बसवलेल्या कॉइलच्या मोटरसाठी. लहान मोटरमध्ये शोषणाचा करंट मिनिटभरातच संपतो, त्यामुळे दहा मिनिटांची वाट बघून १.१ आला तरी त्यातून काही कळत नाही. एका मिनिटाचा रोध ५००० मेगाओहमच्या वर असेल तरीही तसंच. करंट इतका बारीक असतो की गुणोत्तर मेगरच्या अचूकतेवर आणि हवेच्या ओलीवर डोलू लागतं, म्हणून मानकही तिथे पीआय विचारात घेऊ नका असं सांगतं.

टेक्निशियनांनी रजिस्टरात ३.३ लिहिलं. मी त्यांना शेजारी आणखी दोन रकाने आखायला सांगितले, एक वाइंडिंगच्या तापमानाचा आणि दुसरा वजाबाकीचा. टॅन डेल्टा पुढच्या शटडाउनला ठरवली, कारण पोकळ्यांबद्दल आम्हाला अजून काहीच कळलेलं नव्हतं.