साफ करणं आणि निर्जंतुक करणं: सफाईच्या कागदावर या दोन ओळी वेगळ्याच हव्यात

दवाखान्यांच्या, लॉजच्या सफाईच्या सूचना इंग्रजीतून मराठीत करून देण्याचं काम मी लातूर-नांदेड भागात बरीच वर्षं करते. दुसऱ्यांनी केलेले कागद तपासायलाही येतात. त्यातली एक चूक आता पाहवत नाही. मूळ कागदावर ‘क्लीन’ आणि ‘डिसइन्फेक्ट’ असे दोन शब्द असतात आणि मराठीत दोन्हींच्या जागी ‘स्वच्छ करावे’ येतं. कोणी फार काळजीवाहू असेल तर दुसऱ्या ठिकाणी ‘निर्जंतुकीकरण करण्यात यावे’ लिहितो. त्यानेही काही साधत नाही, कारण हाताने नेमकं काय करायचं हे त्या ओळीत कुठेच नसतं.

साफ करणं म्हणजे काय ते कोणाला शिकवावं लागत नाही. धूळ, चिकटपणा, डाग साबणाने घासून काढायचे आणि पुसायचं. झालं की नाही हे डोळ्याला दिसतं.

निर्जंतुक करणं दिसत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. इथे काम हात करत नाही, औषध करतं, आणि त्याला वेळ लागतो. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, १ टक्क्याचं पाणी करून लावलं तर ती जागा साधारण १० मिनिटं ओली राहावी लागते. लावलं आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसलं, तर औषधच पुसून टाकलं. खाट चकाचक दिसेल, पण जंतू मारायचं काम अर्धवट राहील.

एका दवाखान्यात मी हे जवळून पाहिलं. कागदावर ओळ होती: ‘रुग्णखाटेचा पृष्ठभाग हायपोक्लोराइट द्रावणाने स्वच्छ करून कोरडा करावा.’ मावशींनी खाटेच्या कठड्यावर हायपोचं फडकं फिरवलं आणि दुसऱ्या हाताने कोरडं फडकं मारलं. अर्ध्या मिनिटात कठडा झाला. मी विचारलं, एवढ्या लवकर का पुसलं? त्या म्हणाल्या, “ओलं ठेवलं तर सिस्टर बोलतात ना ताई. अन् नातेवाईक येऊन टेकतात, कपडे खराब होतात.” त्यांनी कागद नीट वाचला होता आणि कागदात होतं तेच केलं होतं. मूळ इंग्रजीत मात्र ‘वाळू द्या’ असं होतं. भाषांतर करणाऱ्याने त्याचं ‘कोरडा करावा’ केलं होतं. ‘वाळू द्या’ म्हणजे हात लावू नका, ‘कोरडा करा’ म्हणजे हात लावा. एका क्रियापदाने दहा मिनिटं खाल्ली.

आणि मी तर ‘वाळू द्या’ हेसुद्धा लिहीत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, हवा कोरडी आणि वर पंखा गरगरत असतो. कठड्यावरचं पाणी दोन-तीन मिनिटांत उडून जातं. ‘वाळू द्या’ म्हटलं की वाळलं म्हणजे झालं, असाच अर्थ निघतो. म्हणून वेळ आणि ओल दोन्ही लिहायचं: ‘१० मिनिटं ओलंच ठेवा. आधी वाळलं तर परत ओलं करा.’ त्याआधी ‘पंखा बंद करा’ ही ओळही हवी. हे मूळ कागदात नसतं, पण इथे ते लागतं आणि मी ते दवाखान्याला विचारून घालते.

दुसरी अडचण क्रमाची. इंग्रजी कागद म्हणतो, हायपो लावण्याआधी साबणाने धुऊन घ्या. मराठीत तेच उचललं की ओळीत पहिला शब्द ‘हायपो’ येतो आणि हात आधी त्या बाटलीकडे जातो. मळ असलेल्या जागी हायपोचा जोर मळातच खर्च होतो, म्हणून साबण आधीच हवा. तेव्हा जे आधी करायचं ते आधीच्या ओळीत. ‘पूर्वी’, ‘जोपर्यंत-तोपर्यंत’, ‘त्याशिवाय’ हे शब्द मी अशा कागदात येऊच देत नाही. ‘पृष्ठभाग’ आणि ‘द्रावण’ही नको. वॉर्डात सगळे हायपोच म्हणतात, तर कागदावरही हायपोच. आणि ‘पुसा’ एकटं कधी लिहू नये. साबणाच्या, साध्या पाण्याच्या की कोरड्या फडक्याने, ते प्रत्येक वेळी सांगावं.

तोच कठडा मी असा लिहिला:

१. हातमोजे घाला. पंखा बंद करा.
२. साबणाच्या पाण्याने कठडा घासा.
३. साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढा.
४. हायपोच्या पाण्याने कठडा पूर्ण ओला करा.
५. १० मिनिटं ओलाच ठेवा. आधी वाळला तर परत ओला करा.
६. साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा.
७. कोरड्या फडक्याने पुसा.

सहावी ओळ गाळू नका. हायपो राहिला तर लोखंड गंजतं. सातवीमुळे सिस्टरही बोलत नाहीत. हा कागद रोजच्या सफाईचा आहे, सांडलेल्या रक्तासाठी वेगळा कागद करावा. हायपोऐवजी दुसरं औषध असेल तर १० हा आकडा तसाच ठेवू नका, त्या बाटलीवर दिलेली वेळ लिहा.

हायपोचं पाणी करण्याची ओळही अशीच फसते. ‘१:४ प्रमाण’ कोणी ‘चारात एक’ असं लिहितं, कोणी ‘एकास चार’. चारात एक म्हटलं की काहीजणी तीन मग पाणी घेतात, काहीजणी चार. ५ टक्क्याच्या बाटलीतून १ टक्का करायचा तर: ‘४ मग पाणी घ्या. त्याच मापाने १ मग हायपो घाला.’ एकूण ५ मग होतं. बाटली १० टक्क्याची आली तर पाणी ९ मग लागतं, म्हणून बाटलीवरचा आकडा पाहूनच ओळ लिहायची. पाणी रोज ताजं करायचं, कारण ठेवलेल्या हायपोचा, त्यातही उघड्या बादलीतल्या, जोर कमी होत जातो.

वासाबद्दल एवढंच की फिनाईलचा वास सुटला म्हणजे निर्जंतुक झालं, असं नाही.

संडासाची एक ओळ मात्र मी प्रत्येक कागदात स्वतः वाचून पाहते. बोअरच्या पाण्याने भांड्यावर पांढरे, पिवळे थर बसतात, म्हणून आपल्याकडे ॲसिड सर्रास वापरतात. ॲसिड आणि हायपो भेटले की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद संडासात त्याने श्वास कोंडतो. कागदावर ‘दोन्ही एकत्र करू नये’ असं असतं. मावशी ते पाळतात, बादलीत कधीच एकत्र करत नाहीत. पण ॲसिड टाकून घासलेल्या भांड्यात वरून हायपो ओततात, कारण त्यांच्या लेखी ते ‘एकत्र करणं’ नव्हेच. तिथे लिहायचं: ‘ॲसिड टाकलेल्या भांड्यात हायपो टाकू नका. आधी भरपूर पाणी ओता.’ आणि शक्य असेल तिथे मी दोन्ही कामं वेगवेगळ्या दिवशी लावायला सांगते.

कागद झाला की मी तो वाचायला देते आणि बोलत नाही. मावशी वाचत वाचत काम करतात. जिथे हात थांबतो किंवा त्या माझ्याकडे बघतात, ती ओळ परत लिहायची. कठड्याच्या कागदात पाचव्या ओळीवर हात थांबला होता: दहा मिनिटं झाली हे कळायचं कसं, वॉर्डात घड्याळ नव्हतं. मग तिथे लिहिलं, ‘आता पुढच्या दोन खाटांना साबण लावा.’ तेवढ्यात साधारण दहा मिनिटं होतात, हे आम्ही मोबाईल लावून मोजलं होतं.