रिकाम्या टेबलावरही काउंटर टिकटिकतोच

इंदूरच्या एका मराठी शाळेत २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या व्याख्यानात, बाईंनी टेबलावर किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर ठेवला आणि तो सुरू करून त्या गप्प राहिल्या. जवळ काहीच नव्हतं, तरी टिक… टिकटिक… टिक चालूच. पहिल्या मिनिटात २१ टिका, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात २५.

"बाई, वाढतंय!" पुढच्या रांगेतून आवाज आला.

चौथ्या मिनिटात १४ आल्या.

गायगर काउंटर वापरताना फसगत होते ती नेमकी इथे. किरण किंवा कण यंत्रात शिरला की टिक वाजते, आणि अणू फुटण्याला वेळापत्रक नसतं. पत्र्यावर पडणाऱ्या पहिल्या पावसाच्या थेंबांसारख्या टिका कधी लागोपाठ येतात, कधी थांबून. बाईंनी दहा मिनिटं मोजून एकूण २०० टिका नोंदवल्या, म्हणजे मिनिटाला सरासरी २०. अशा मोजणीत आकडा साधारण त्याच्या वर्गमुळाइतका इकडेतिकडे हलतो. २० चं वर्गमूळ साडेचारच्या आसपास, म्हणून एका मिनिटात १४ किंवा २५ आल्या तर त्यात नवल नाही. एका मिनिटाच्या आकड्यावरून 'भिंतीत काहीतरी आहे' म्हणणारे लोक बहुतेक वेळा नशिबाचा खेळच मोजत असतात.

या २० टिकांचा काही भाग आकाशातून येतो. वैश्विक किरण वातावरणावर आदळून जे कण तयार होतात, ते छप्पर भेदून खाली पोहोचतात. उरलेल्या टिका जमीन आणि भिंतींतल्या युरेनियम, थोरियम व पोटॅशियममुळे. माळव्याच्या काळ्या बेसाल्टमध्ये ही तिन्ही द्रव्यं ग्रॅनाइटपेक्षा बरीच कमी असतात. घरात ग्रॅनाइटचा ओटा असेल तर काउंटर त्यावर किंचित जास्त बोलू शकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ओटा काढून टाकायची तर मुळीच गरज नाही.

एका मुलाने केळं आणलं होतं. केळ्यात पोटॅशियम असतं आणि पोटॅशियमचा अगदी छोटा हिस्सा, ०.०१२ टक्क्यांच्या आसपास, किरणोत्सारी असतो, हे खरंच. पण काउंटर ढिम्म. केळ्यात पोटॅशियम जेमतेम अर्धा ग्रॅम, त्यातून सुटणारे बीटा कण बरेचसे गरातच अडकतात आणि बाहेर पडलेल्यांपैकी काउंटरच्या नळीपर्यंत पोहोचणारे थोडेच.

म्हणून बाईंनी खताच्या दुकानातला पोटॅश आणला होता. या खतात वजनाने जवळजवळ निम्मं पोटॅशियम असतं. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ते पसरून नळीला भिडवलं. डबा जाड असला तर बीटा कण त्यातच थांबतात आणि प्रयोग फसतो. दहा मिनिटांत ३४० टिका झाल्या. आधीपेक्षा १४० जास्त. दोन्ही मोजण्यांची मिळून अनिश्चितता ५४० च्या वर्गमुळाइतकी, सुमारे २३. फरक तिच्या सहापट, तेव्हा हा योगायोग नव्हे. एकेकच मिनिट मोजलं असतं तर मात्र खात्रीने काही सांगता आलं नसतं. मग मध्ये दोनशे पानी वही सरकवली आणि आकडा जवळजवळ मूळ पदावर आला. बीटा कणांना तेवढा कागद पुरतो.

यंत्राच्या पडद्यावर अंगाला लागणारी किरणांची मात्रा, तासाला किती मायक्रोसिव्हर्ट, हेही दिसतं, पण पोटॅशजवळ तो आकडा वाचू नये. स्वस्त यंत्रात टिकांवरून मात्रा काढण्याचं गणित बहुधा सिझियमच्या गॅमा किरणांसाठी बसवलेलं असतं, बीटा कणांसाठी ते चालत नाही.

आपल्या अंगातही हेच पोटॅशियम आहे. मोठ्या माणसात सुमारे १४० ग्रॅम, आणि त्यातले चार हजारांवर अणू दर सेकंदाला फुटतात. केळी जास्त खाल्ली म्हणून हा साठा वाढत नाही, जादा पोटॅशियम मूत्रपिंडं बाहेर टाकतात. केरळच्या करुनागप्पल्लीत किनाऱ्याच्या वाळूत थोरियम आहे आणि तिथला नैसर्गिक किरणोत्सार सरासरीच्या कितीतरी पट आहे. तिथल्या हजारो रहिवाशांच्या दीर्घकाळच्या नोंदींत त्यामुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही.

घाबरण्यासारखं काही नाही, याला अपवाद एकच, रेडॉन हा किरणोत्सारी वायू. नैसर्गिक किरणांच्या मात्रेची जगाची वार्षिक सरासरी माणशी २.४ मिलिसिव्हर्ट धरतात, त्यातला निम्मा भाग या वायूचा आणि त्याच्यापासून बनणाऱ्या कणांचा. जमिनीच्या भेगांतून तो घरात शिरतो, बंद खोलीत, तळघरात साचतो. श्वासातून आत गेलेले हे कण फुप्फुसात किरण सोडतात आणि प्रमाण खूप असेल तर कर्करोगाचा धोका वाढतो, धूम्रपान करणाऱ्यांत जास्तच. घरात रेडॉन किती आहे, हे टेबलावरचा गायगर काउंटर सांगू शकत नाही. त्यासाठी अल्फा कणांच्या खुणा टिपणारी छोटी फिल्म खोलीत काही महिने ठेवून मग प्रयोगशाळेत मोजावी लागते, कारण रेडॉन दिवसागणिक आणि ऋतूप्रमाणे बदलतो. खिडक्या उघड्या असलेल्या घरात तो सहसा साचत नाही. एसीसाठी सगळं घट्ट बंद केलेली तळमजल्याची खोली मात्र रोज थोडा वेळ उघडावी.