फ्लॉवरचे रोप ट्रेमध्ये किती दिवस थांबेल?

चोवीस दिवसांचे फ्लॉवरचे रोप ट्रेच्या कप्प्यातून देठाशी धरून हळूच वर ओढले, तर कोकोपीटचा कोनासारखा गोळा अखंड बाहेर यायला हवा. गोळ्याभोवती पांढऱ्या मुळ्यांची जाळी दिसावी, पण आतले कोकोपीटही दिसत राहावे. गोळा फुटला तर रोप अजून कोवळे आहे. मुळ्या तपकिरी झाल्या असतील, तळाशी गुंडाळून बसल्या असतील आणि खालची पाने पिवळट-जांभळी पडली असतील, तर लावणीची वेळ टळली आहे. या दोन अवस्थांमध्ये जेमतेम आठवड्याचे अंतर असते. इंदूरच्या आसपास ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा आठवडा हमखास पावसात सापडतो, आणि काळ्या मातीला वाफसा यायची वाट बघता बघता रोपे म्हातारी होतात. म्हणून रोपवाटिकेचे नियोजन बी टाकण्याच्या तारखेपासून नव्हे, विक्रीच्या तारखेपासून उलटे मोजत करावे लागते.

टोमॅटो-मिरचीला हे उलटे मोजणे तुलनेने सोपे जाते, कारण त्यांचा तोडा अनेक आठवडे चालतो. फ्लॉवरला एका झाडाला एकच गड्डा. एका संकरित वाणाची एकाच दिवशी केलेली लावणी आठ-दहा दिवसांत कापून संपते, आणि तयार गड्डा शेतात थांबत नाही. चार-पाच दिवस उशीर झाला की तो सैल होतो, पिवळा पडतो आणि इंदूरच्या चोइथराम मंडीत त्याच गाडीतल्या मालाचा भाव खाली येतो.

त्यात फ्लॉवरचे घड्याळ तापमानावर चालते. रोप लहान असताना ते फक्त पाने काढते. ठरावीक पाने झाल्यावरच त्याला थंडावा ‘कळतो’, आणि तो किती हवा हे वाणावर ठरते. पुसा मेघनासारखे सप्टेंबर-ऑक्टोबरचे वाण सरासरी 20 ते 27 अंशांतही गड्डा धरतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या मध्यम वाणांना त्याहून गारवा लागतो. पुसा स्नोबॉल के-१ हे जानेवारीनंतरचे वाण, त्याला 10 ते 16 अंश हवेत. स्नोबॉल ऑगस्टमध्ये लावला तर नुसता पाला वाढत राहतो. उलट लवकरचे वाण थंडीत लावले, तर रोप जेमतेम उभे राहिलेले असतानाच त्याला गड्ड्याचा इशारा मिळतो आणि सुपारीएवढा गड्डा धरून झाड थांबते. याला बटण पडणे म्हणतात. असे झाड खत घालून मोठे होत नाही, कारण गड्डा पोसायला लागणारी पानेच त्याच्याकडे नसतात.

टप्प्याटप्प्याने लावणी करणारे अनेक जण इथेच फसतात. एकच वाण आठ-आठ दिवसांच्या अंतराने दोनदा लावले म्हणजे मालही आठ दिवसांच्या अंतराने निघेल, असा हिशेब असतो. पण सप्टेंबरच्या शेवटी पाऊस उघडला आणि ऊन तापले, की पहिली लावणी पुरेशी पाने होऊनही गड्डा न धरता वाट बघत उभी राहते. तेवढ्यात दुसरी लावणीही तयार होते. मग रात्री गार होऊ लागल्या की दोन्ही एकाच वेळी गड्डा धरतात आणि दोन टप्प्यांचा माल एकाच आठवड्यात मंडीत जातो. पुढे नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत उलटे घडते. गड्डा भरायला जास्त दिवस लागतात आणि आठ दिवसांच्या अंतराचे अकरा-बारा होतात. म्हणून फ्लॉवरमध्ये नुसती तारीख बदलून भागत नाही, वाणही बदलावे लागते.

२०२६ सालचे एक गणित मांडू. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी पुढे गेली आहे. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २०-२१ ऑक्टोबरला झाले, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे, आणि देवउठनी एकादशी २० नोव्हेंबरला. मागच्या वर्षीची पेरणीची तारीख तशीच उचलली तर सण निसटतो. सण पंचांगाने सरकतो, पण माळव्यातली थंडी काही अधिक महिना बघून येत नाही. त्यामुळे तारखेबरोबर वाणाचाही नव्याने विचार करावा लागतो.

समजा इंदूरजवळच्या सांवेरकडे एक एकर आहे. अर्धा एकर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यासाठी आणि अर्धा एकादशीनंतर सुरू होणाऱ्या लग्नांच्या केटरिंगसाठी ठेवायचा. पहिल्यासाठी लावणीपासून 60 दिवसांत येणारे लवकरचे वाण घेऊ. पहिला काप १ नोव्हेंबरला हवा, तर लावणी २ सप्टेंबरला आणि रोपाचे 24 दिवस मागे मोजले की पेरणी ९ ऑगस्टला. दुसऱ्यासाठी 75 दिवसांचे मध्यम-लवकर वाण. २० नोव्हेंबरला काप हवा तर लावणी ६ सप्टेंबर, पेरणी १३ ऑगस्ट. दोन पेरण्यांत फक्त चार दिवसांचे अंतर आहे आणि काढणीत एकोणीस दिवसांचे. हे अंतर वाणाने दिले आहे, त्यामुळे ऊन-गारव्याने थोडे इकडेतिकडे झाले तरी दोन्ही माल एकमेकांवर आदळण्याची शक्यता कमी राहते. पाकिटावरचे दिवस पेरणीपासून धरले आहेत की लावणीपासून, हे मात्र विक्रेत्याला विचारून घ्यावे. तिथे गफलत झाली तर तीन-साडेतीन आठवड्यांची चूक होते.

दिवाळीत मंडी किती दिवस बंद राहणार हेही आडत्याकडून आधीच कळून घ्यावे. पहिला काप सणाच्या आठवडाभर आधी धरण्याचे कारण तेच आहे.

आता ट्रेचा हिशेब. लवकरचे वाण ४५ बाय ४५ सेंटिमीटरवर लावले तर अर्ध्या एकरात साधारण 10,000 रोपे बसतात. मध्यम वाणाचा पाला मोठा, त्याला ६० बाय ४५ अंतर, म्हणजे सुमारे 7,500. न उगवलेले, वाकडे आणि मेलेल्या रोपांच्या नांग्या भरायला लागणारे धरून दहा टक्के जास्त पेरावे. 98 कप्प्यांचे ट्रे पहिल्यासाठी 113 आणि दुसऱ्यासाठी 85 होतात. एका ट्रेला सव्वादोन ते अडीच लिटर कोकोपीट लागते. पाच किलोची वीट भिजून 65-70 लिटर होते, म्हणजे सगळ्याला आठ विटा पुरतात.

वीट भिजवल्यावर पहिले पाणी सोडून द्यावे आणि पुन्हा एकदा धुवावे. नारळाच्या भुशात क्षार असतात आणि स्वस्त विटेत जास्तच. क्षार राहिले तर बी उगवते, पण पानांच्या कडा करपतात आणि रोप आठवडाभर तसेच खुजे राहते. धुतलेले कोकोपीट मुठीत दाबल्यावर लाडू वळावा आणि बोटांतून एखाद-दुसराच थेंब यावा. कप्पे भरताना दाबू नये. अर्धा सेंटिमीटर खड्डा करून एक बी टाकावे, वर हलकेच कोकोपीट पसरावे आणि दहा-दहा ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकावे. ऑगस्टच्या हवेत फ्लॉवर दोन-तीन दिवसांत फुटते. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ थप्पी उघडून बघावी आणि कोंब कोकोपीटवर दिसू लागताच ट्रे पसरावेत. एक रात्र जरी जास्त राहिली तरी कोंब अंधारात लांबतात, आणि अशी लांबलचक, पांढरट मानेची रोपे पुढे काहीही केले तरी धड होत नाहीत.

पावसाळ्यात ट्रेवर पारदर्शक प्लास्टिकचे छत आणि चारी बाजूंनी 40 ते 50 मेशची कीडजाळी असावी. ट्रे जमिनीवर ठेवू नयेत, तारांच्या किंवा पट्ट्यांच्या मांडवावर ठेवावेत. कप्प्याच्या भोकाखाली हवा खेळली की बाहेर आलेले मुळाचे टोक सुकते आणि आत नवी तंतुमुळे फुटतात. ट्रे मातीवर टेकले तर मुळे मातीत शिरतात आणि उपटताना तुटतात.

पाणी फक्त सकाळी द्यावे, तेही ट्रे हाताने उचलून वजन बघून. ढगाळ दिवशी संध्याकाळी पाणी दिले की मर लागते. आधी एका कोपऱ्यातली चार-सहा रोपे जमिनीलगत पाणचट होऊन आडवी पडतात, आणि दुसऱ्या दिवशी तिथे वाटीएवढी मोकळी जागा दिसते. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशी त्याला कारण असतात, पण त्यांना निमंत्रण पाण्याचे असते. तो ट्रे उचलून वेगळा करावा, बाकीच्यांचे पाणी तोडावे आणि बाजूची जाळी मोकळी करून हवा खेळू द्यावी. नुसते औषध फवारून आणि पाणी तसेच देत राहून मर थांबत नाही.

खरे पान आले की, साधारण दहाव्या-बाराव्या दिवशी, १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम याप्रमाणे द्यावे आणि आठवड्याने पुन्हा. शेवटचे चार-पाच दिवस पाणी कमी करून रोपे उघड्या हवेत ठेवावीत.

आता मूळ प्रश्न, २ सप्टेंबरला झड लागली तर? 98 कप्प्यांच्या ट्रेमध्ये फ्लॉवर 28 दिवसांपर्यंत सांभाळता येते, तिशी ओलांडली की धोका सुरू होतो. एवढ्याशा कप्प्यात नत्र संपते आणि मुळांना जागा उरत नाही. रोपाची वाढ थांबते, पण वय चालूच राहते. असे रोप लावल्यावर पुरेशी पाने काढण्याआधीच गड्डा धरते. म्हणजे थंडीशिवायही बटण पडते, आणि दोष मात्र बियाण्याला दिला जातो. ‘रोप मोठे होऊ नये’ म्हणून वाट बघताना खत पूर्ण तोडणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पाणी कमी करावे, ट्रे उन्हात ठेवावेत, पण दर चार दिवसांनी हलके खत चालू ठेवावे. वाट लांबणारच अशी चिन्हे असतील तर पेरणीच 50 कप्प्यांच्या ट्रेमध्ये करावी. कोकोपीट जास्त लागते, पण रोपाला आठवडाभराची उसंत मिळते.

याहून चांगला उपाय शेतात आहे. जुलैच्या उघडिपीतच गादीवाफे करून ठिबक अंथरून ठेवले, तर पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत गादीवर लावणी करता येते. सपाट काळ्या रानात त्यासाठी आठवडा जातो, आणि पाय टाकला तर रान चिखलते ते वेगळेच.

पेरणीपूर्वी एक चौकशी जरूर करावी, आणि ती भावाची नव्हे. आजचा भाव आणखी तीन महिन्यांनी कोण किती माल आणणार हे सांगत नाही. परिसरातल्या दोन-तीन रोपवाटिकांना विचारावे, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यासाठी फ्लॉवरच्या किती रोपांचे बुकिंग आहे आणि कोणत्या वाणाचे. तिथे सगळे ट्रे लवकरच्याच वाणाने भरलेले असतील, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडीत काय होणार ते आत्ताच दिसते. अशा वेळी पहिला टप्पा अर्ध्यावरून पाव एकरावर आणावा आणि बाकीचे ट्रे १३ ऑगस्टच्या वाणाला द्यावेत. हा निर्णय ९ ऑगस्टपर्यंत हातात असतो, ट्रे भरले की नाही.