पान नसलेल्या पुस्तकाची अनुक्रमणिका

छापील पुस्तकात 'प्रकरण ७ … पृष्ठ ९४' अशी नोंद अनुक्रमणिकेत असते आणि ती खरी ठरते, कारण चौऱ्याण्णवावे पान सर्वांच्या प्रतीत एकच असते. ईपुस्तकात मात्र पान ही गोष्ट वाचकाच्या पडद्यावर त्या क्षणी तयार होते. अक्षरांचा आकार एका पायरीने वाढवला की पानांची संख्या बदलते आणि फोन आडवा धरला की ती पुन्हा बदलते. म्हणून ईपब या ईपुस्तकांच्या फाइलप्रकारात अनुक्रमणिकेत पृष्ठक्रमांकांऐवजी दुवे असतात आणि प्रत्येक दुवा मजकुरातील एका निश्चित जागेकडे नेतो. ती जागा नेमकी कोणती हे यंत्राला कळावे, यासाठी हस्तलिखिताला आधी रचना द्यावी लागते. तयार ईपुस्तकात दिसणारे अनेक दोष ही रचना न दिल्यामुळे झालेले असतात.

ईपब फाइल म्हणजे मुळात एक झिप संच असतो. वेबपानांसारख्या एक्सएचटीएमएल फाइली, चित्रे आणि शैलीपत्रक यांच्यासोबत त्यात एक ओपीएफ फाइल असते. पुस्तकात कोणकोणत्या फाइली आहेत आणि त्या कोणत्या क्रमाने वाचायच्या, हे ती सांगते. या वाचनक्रमाला 'स्पाइन' म्हणतात. २०११ साली आलेल्या ईपब ३ पासून अनुक्रमणिकेसाठी 'नॅव्ह' नावाची स्वतंत्र एक्सएचटीएमएल फाइल आवश्यक ठरली. ईपब २ मधील अनुक्रमणिकेची एनसीएक्स फाइल जुन्या वाचनयंत्रांसाठी आजही अनेकदा सोबत ठेवली जाते.

समजा, प्रस्तावना आणि अठरा प्रकरणे असलेली एक मराठी कादंबरी वर्डच्या एकाच फाइलीत टंकलेली आहे. लेखकाने प्रकरणांची नावे मोठी व ठळक केली आहेत आणि नवे प्रकरण नव्या पानावर यावे म्हणून आधी एंटर दाबत खाली सरकत नेले आहे. कागदावर हे देखणे दिसते. ईपबमध्ये मात्र ठळक ओळ ही केवळ ठळक ओळच राहते आणि त्या रिकाम्या ओळी फोनवर एखादा कोरा पडदा होऊन समोर येतात. यावरचा उपाय सरधोपट आहे. प्रस्तावनेच्या आणि प्रत्येक प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून Ctrl+Alt+1 दाबावे, म्हणजे त्या ओळीला Heading 1 ही शैली लागते. यासाठी काही मिनिटे पुरतात. नंतर वर्डचे Navigation Pane उघडले की तेथे बरोबर एकोणीस नावे दिसली पाहिजेत. वीस दिसली, तर बहुधा एखाद्या उपशीर्षकाला चुकून तीच शैली लागलेली असते. एका ओळीवर 'प्रकरण ७' आणि पुढच्या ओळीवर 'नदीकाठची वस्ती' असे लिहून दोन्हींना Heading 1 दिले, तर एका प्रकरणाची दोन होतात आणि त्यातल्या पहिल्यात शीर्षकापलीकडे काहीच नसते. त्यामुळे दोन्ही एकाच ओळीत लिहिणे सोयीचे.

रिकाम्या ओळी काढण्याची घाई मात्र करू नये. प्रकरणाच्या आत प्रसंग बदलल्याची खूण म्हणून बरेच लेखक एक ओळ मोकळी सोडतात. सगळ्या मोकळ्या ओळी एका आदेशाने पुसल्या, तर या खुणाही जातात आणि सकाळच्या प्रसंगाला रात्रीचा प्रसंग चिकटतो. हा दोष कोणतेही तपासणी साधन दाखवत नाही. म्हणून आधी त्या जागी तीन तारका टाकाव्यात आणि मगच साफसफाई करावी.

मराठीसाठी आणखी एक दक्षता आवश्यक आहे. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर आधी त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून तो पुन्हा वाचून काढावा लागतो. तो मुळातच युनिकोडमध्ये असला, तरी 'अदृश्य चिन्हे काढून टाका' असा सरसकट आदेश देणे धोक्याचे असते. काही कीबोर्ड 'ऱ्या' हे अक्षर साध्या र ला शून्य रुंदीचे जोडचिन्ह लावून टंकतात. ते चिन्ह गेले की 'आचाऱ्याला' या शब्दाचा 'आचार्याला' होतो, म्हणजे स्वयंपाक्याला बोलावले असता विद्वान गुरू हजर होतात. शुद्धलेखन तपासणीलाही ही चूक सापडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

हस्तलिखित असे नीट झाले की पुढचे काम पॅनडॉक हा विनामूल्य प्रोग्रॅम एका आदेशात करतो.

```
pandoc kadambari.docx -o kadambari.epub --toc --split-level=1 -M lang=mr -M title="कादंबरीचे नाव"
```

येथे `--split-level=1` म्हणजे प्रत्येक Heading 1 पाशी नवी फाइल सुरू करणे. (हा पर्याय पॅनडॉकच्या तिसऱ्या आवृत्तीपासूनचा आहे.) प्रकरणविभाजनाचा सर्वांत भरवशाचा मार्ग हाच आहे, कारण स्पाइनमधील नवी फाइल नव्या पानावर सुरू करण्याची पद्धत बहुतेक वाचनयंत्रे पाळतात. शैलीपत्रकातून पान तोडण्याची सूचना देता येते, पण ती सगळीकडे सारखी पाळली जात नाही. पुस्तकात 'भाग' हा वरचा स्तर असेल, तर भागाला Heading 1, प्रकरणाला Heading 2 आणि आदेशात 2 असा बदल करावा. `lang=mr` हेही शोभेसाठी नाही. मजकूर मोठ्याने वाचणारे साधन त्यावरून मराठी आवाज निवडू शकते, आणि काही फॉन्ट ल व श यांची मराठी वळणे भाषा कळल्यावरच दाखवतात.

तयार झालेल्या संचात नॅव्ह फाइलीतील एक नोंद, अनावश्यक भाग वगळून, साधारण अशी दिसते.

```
<nav epub:type="toc">
  <ol>
    <li><a href="text/ch008.xhtml">प्रकरण ७ : नदीकाठची वस्ती</a></li>
  </ol>
</nav>
```

सातव्या प्रकरणाची फाइल आठवी आहे, कारण प्रस्तावनेलाही Heading 1 होते आणि तिने पहिला क्रमांक घेतला. वाचकाला फाइलीचे नाव दिसत नाही, त्यामुळे याने काही बिघडत नाही. ते बदलायचेच असेल, तर सिजिलसारख्या ईपब संपादकातून बदलावे, कारण तो त्या फाइलीकडे जाणारे दुवेही सोबत बदलतो. साध्या मजकूर संपादकात हाताने नाव बदलले, तर नॅव्ह आणि ओपीएफ या दोन्हींत जुनेच नाव राहते. वाचनयंत्राच्या यादीत दिसणारी आणि पुस्तकाच्या आरंभी पान म्हणून उघडणारी अशा दोन्ही अनुक्रमणिका या एकाच नॅव्ह फाइलीतून मिळतात. म्हणूनच लेखकाने हाताने टंकलेली, पृष्ठक्रमांक असलेली जुनी अनुक्रमणिका हस्तलिखितातून आधीच काढून टाकावी. ती राहिली, तर वाचकाला दोन अनुक्रमणिका दिसतात आणि त्यातली एक अस्तित्वात नसलेल्या पानांची असते.

शेवटी फाइल ईपबचेक या विनामूल्य साधनातून तपासावी. दुवा ज्या खुणेकडे जातो ती फाइलीत नसेल, तर ते `RSC-012` ही त्रुटी ओळ क्रमांकासह दाखवते. दुवा चुकीच्या प्रकरणाकडे जात असेल तर मात्र ते गप्प राहते, कारण त्याच्या दृष्टीने दुवा जोडलेला आहे. प्रकरणांचा क्रम ऐन वेळी बदललेल्या पुस्तकात आणखी एक दोष राहू शकतो: स्पाइनमध्ये नवा क्रम येतो आणि नॅव्हमध्ये जुनाच राहतो. त्यामुळे एकोणीसही दुवे फोनवर, अक्षरे सर्वांत मोठी करून, एकेक दाबून पाहावे लागतात, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटून पुढे सरकल्यावर अनुक्रमणिकेत लिहिलेलेच पुढचे प्रकरण येते का, हेही पाहावे लागते.