लखनची पिशवी आणि मनगटाची आठ हाडं

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला असलेली माझी भाची नागपुरात माझ्याकडेच राहते. परवा हँडआउटचं एक पान पुढे करून म्हणाली, "मावशी, आठ हाडं आहेत, सगळी पाठ होतात, पण क्रम काहून चुकतो?"

यादी मनगटाच्या हाडांची होती. पहिली ओळ: स्केफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. दुसरी ओळ: ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. पहिली ओळ कोपराच्या बाजूची, दुसरी बोटांच्या बाजूची, आणि दोन्ही अंगठ्याकडून करंगळीकडे वाचायच्या. ही दिशा हँडआउटमध्ये छोट्या अक्षरांत होती आणि तिने ती वहीत उतरवलीच नव्हती. "डावीकडून उजवीकडे" असं लिहून चालत नाही, कारण हात बदलला की दिशा उलटते. अंगठा आणि करंगळी मात्र दोन्ही हातांना असतात.

तिने स्वतःच एक क्लृप्ती काढली होती: प्रत्येक हाडाच्या आद्याक्षराने सुरू होणारं एक ठिकाण. सदर, लक्ष्मीनगर, त्रिमूर्तीनगर, पिवळी नदी, मग दोनदा ट्रॅफिक पार्क, कळमना, हिंगणा. सगळी ओळखीची ठिकाणं, म्हणून मलाही आधी आवडली. पण म्हणायला सांगितलं तेव्हा त्रिमूर्तीनगरनंतर ती थेट हिंगण्यावर गेली. साहजिक आहे. त्याच दिशेला पुढे गेलं की हिंगणा येतो, तर पिवळी नदी शहराच्या पार उत्तरेला. नागपूरच्या माणसाच्या डोक्यात या नावांचा क्रम रस्त्यांनी आधीच लावून ठेवलेला असतो आणि तो यादीच्या क्रमाला ढकलून देतो. ज्या शब्दांना स्वतःचा पक्का क्रम आहे, ते दुसऱ्या क्रमासाठी वापरू नयेत.

मग वाक्य करून पाहिलं: "स्केटवाल्या लखनने ट्रायसिकलवर पिशवी ठेवली." इथे मराठीचीच एक अडचण आली. "ट्रायसिकलवर लखनने पिशवी ठेवली" हेही तितकंच सरळ वाक्य आहे. आपल्या भाषेत शब्द जागा बदलू शकतात, म्हणून वाक्य असलं की क्रम टिकेलच असं नाही. पण मराठीकडे यावर उपायही आहे: "च्या"ची साखळी.

स्केटवाल्या लखनच्या ट्रायसिकलवरची पिशवी,
ट्रॅक्टरमागच्या ट्रॅव्हल्सच्या कॅरियरवरची हॅट.

यातला एक शब्द हलवून पाहा. "ट्रायसिकलच्या लखनवरची पिशवी" म्हणताच कान अडखळतो. चूक झाली की ओळ स्वतःच सांगते, आणि मला क्लृप्तीत हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो. शाळेत वृत्तांचे गण शिकताना "यमाताराजभानसलगा" म्हणायचो, त्यात हीच ताकद होती. "य"पासून तीन अक्षरं घेतली की यमाता, म्हणजे य गणाचे लघु-गुरू तिथेच हाती येतात.

अक्षरांचंही पाहू. इंग्रजी आद्याक्षरं घेतली तर या यादीत तीन "टी" येतात आणि गोंधळ होतो. देवनागरीत "ट्रा" आणि "ट्रॅ" वेगळे दिसतात, म्हणून ट्रायक्वेट्रल बाजूला निघतं. "ल्यु"चा नुसता "ल" केला तरी बिघडत नाही, कारण यादीत दुसरा "ल"ने सुरू होणारा शब्दच नाही. राहिली ट्रॅपेझियम आणि ट्रॅपेझॉइडची जोडी. त्यांची सुरुवात इतकी सारखी आहे की आद्याक्षर काहीच मदत करत नाही. तिथे बाराखडी कामाला आली: "झि" आधी, "झो"च्या घरातला "झॉ" नंतर. म्हणून आधी झियम, मग झॉइड.

दुसऱ्या दिवशी ओळी बिनचूक आल्या. मग तिला हाताचं चित्र काढायला लावलं, तर तिने ट्रॅपेझियम करंगळीखाली नेऊन ठेवलं! पहिली ओळ करंगळीपाशी संपली, म्हणून दुसरी तिथूनच उलट फिरवली, शेतात नांगर वळतो तशी. नावं बरोबर, क्रम बरोबर, आणि चित्र चुकलेलं. लखनची ओळ दिशा सांगत नाही, ती शरीरावरूनच घ्यावी लागते. मी तिला दोन जागा दाबून बघायला सांगितल्या. करंगळीच्या बाजूला, तळहात सुरू होतो तिथे वाटाण्याएवढं टणक काही लागतं, ते पिसिफॉर्म. लॅटिनमध्ये पिसम म्हणजे वाटाणा. पहिली ओळ तिथे संपते. आणि अंगठ्याच्या बुडाशी, पहिल्या मेटाकार्पलला, म्हणजे तळहातातल्या अंगठ्याच्या हाडाला टेकलेलं, ते ट्रॅपेझियम. दुसरी ओळ तिथून सुरू होते.

आता मी तिला मधूनच विचारते. कॅपिटेटच्या अंगठ्याकडच्या बाजूला कोण? ल्युनेटच्या करंगळीकडे कोण? सुरुवातीला ती ओठांत लखनपासून म्हणत यायची. काल ट्रॅपेझॉइड लगेच सांगितलं. ट्रायक्वेट्रल मात्र कागदावर लिहिताना इंग्रजी स्पेलिंगमध्ये अडलं, कारण ट्रायसिकल तिला फक्त "ट्रा" देते, पुढचं नाव देत नाही. म्हणून आज तिने हँडआउटमधली आठही नावं स्पेलिंगसकट ओळींच्या शेजारी उतरवून घेतली आहेत.